सांत्वनाला आलेल्यांना उत्तर लिहिताना

घरातलं माणूस गेलं की दोन-तीन दिवस फोन थांबत नाही. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ओम शांती’, जोडलेले हात, समईचं चित्र. आणि त्या ढिगातच कुणीतरी चार ओळी मनापासून लिहिलेल्या असतात. तेरावा उरकतो, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि मग प्रश्न पडतो की या सगळ्यांना उत्तर द्यायचं का, आणि द्यायचं तर काय. बहुतेक घरांत एक मजकूर तयार होतो: ‘आमच्या दुःखात सहभागी झालेल्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.’ तो सगळ्यांना धाडला की काम झालं. ज्यांनी फक्त जोडलेले हात पाठवले त्यांच्यासाठी तेवढं पुरेसंही आहे. पण ज्या शेजाऱ्यानं रात्री दोन वाजता गाडी काढून दवाखान्यात नेलं, त्यालाही तोच मजकूर गेला तर त्याला ते लागतं. तो बोलून दाखवत नाही, एवढंच.

प्रत्येकाला वेगळं लिहायचं म्हटलं की माणसं दचकतात, आपण काही लेखक नाही म्हणतात. खरं सांगायचं तर या कामात लेखनाचा भाग फार थोडा आहे. कुणी काय केलं हे आठवणं, हा मोठा भाग. ते आठवलं तर वाक्य आपोआप वेगळं होतं, आणि नाही आठवलं तर कितीही शब्द जुळवले तरी मजकूर सगळ्यांना सारखाच होतो. म्हणून सुरुवात लिहिण्यापासून नाही, नोंदीपासून करायची.

पहिल्या दिवसापासून एक वही

ही वही क्रियाकर्म करणाऱ्यानं ठेवायची नाही. त्याचं डोकं ठिकाणावर नसतं आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही धरू नये. जावई, भाचा, धाकटी सून, अकरावी-बारावीतलं नातवंड, असं कुणीतरी लागतं; जवळचं, पण ज्याचे हात मोकळे आहेत असं.

साधी शाळेची दोनशेपानी वही पुरते. पानावर चार रकाने आखायचे: नाव, गेलेल्या माणसाशी नातं किंवा ओळख, आले की फोन की मेसेज की पत्र, आणि चौथा रकाना सगळ्यात रुंद, काय केलं किंवा काय बोलले. पहिले तीन रकाने पत्त्यापुरते आहेत. सगळं काम चौथ्यावर चालतं.

एक उदाहरण घेऊ, पुढेही तेच धरून चालू. सांगलीला माझी मावशी गेली. ती आयुष्यभर अंगणवाडी सेविका होती, निवृत्तीनंतर कॉलनीतली भिशी चालवायची. मुलगी सांगलीतच, मुलगा पुण्याला नोकरीला. वही ठेवली नातीनं, म्हणजे माझ्या मावसबहिणीच्या मुलीनं. तिच्या वहीतल्या काही नोंदी अशा:

*खालच्या मजल्यावरच्या काकू. शेजारी. आल्या. रोज सकाळी सातला थर्मासमधून चहा, दहाव्यापर्यंत. थर्मास आपल्याकडेच आहे.*

*मिरजेचे मामा. आजीचा भाऊ. आले. घाटावर कावळा शिवत नव्हता तेव्हा तेच पुढे होऊन म्हणाले, नातीच्या शिक्षणाचं मी बघतो.*

*रिक्षावाले दादा. आजीच्या अंगणवाडीतले. फोन. बाई घरी येऊन हाताला धरून न्यायच्या म्हणाले.*

*मामाचे साहेब. ऑफिस. मेसेज, इंग्रजीतून. दोन आठवडे रजा स्वतःहून दिली.*

*न्यू जर्सीची मावशी. आईची कॉलेजची मैत्रीण. व्हॉइस मेसेज. रडत होती. आजीच्या हातच्या शेंगदाण्याच्या पोळीचं बोलली.*

*पतसंस्था. ठराव, कागदावर, शिपाई घेऊन आला.*

यातली एकही नोंद दोन ओळींच्या वर नाही. पण महिन्याभरानं उत्तरं लिहायला बसल्यावर थर्मास आणि शेंगदाण्याची पोळी कुणालाही आठवली नसती. त्या दिवसांतलं काहीच धड आठवत नाही, हा जवळपास सगळ्यांचा अनुभव आहे.

आलेल्यांची नोंद त्याच रात्री करायची. फोन आला तर बोलणं संपल्याबरोबर दोन शब्द टिपायचे. व्हॉट्सअॅपचे मेसेज राहतात म्हणून निर्धास्त राहू नका. मनापासून लिहिलेल्या मेसेजवर बोट दाबून धरून ताऱ्याची खूण करून ठेवा, नाहीतर तो जोडलेल्या हातांच्या रांगेत कुठे गेला ते सापडत नाही. आणखी एक बघा: काही जणांनी आपल्या गप्पांना ठरावीक काळानं मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावलेली असते, चोवीस तासांनी, सात दिवसांनी किंवा नव्वद दिवसांनी. अशा ठिकाणी आलेल्या मेसेजचा लगेच स्क्रीनशॉट घ्या. अनोळखी नंबरवरून सांत्वन आलं आणि नाव नसलं, तर नंबरच वहीत लिहा. तो कुणाचा हे नंतर नातेवाइकांत विचारून कळतं.

घाई करायची नाही

सुतकात उत्तरं लिहायची अपेक्षा कुणी धरत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत सांत्वनाला आलेला माणूस निघताना ‘येतो’ म्हणत नाही आणि घरचेही ‘या’ म्हणत नाहीत. तो नुसता उठतो आणि जातो. त्यामुळे दारात आभाराचे शब्द बोलायला जागाच नसते, आणि ते बरंही आहे. बोलायचं ते नंतर बोलायचं.

पहिल्या दिवसांत फक्त पोच द्यायची, तीही वही ठेवणाऱ्यानं स्वतःच्या नावानं: ‘तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला. ती सध्या बोलण्याच्या स्थितीत नाही, नंतर नक्की बोलेल.’ एवढं फक्त त्यांनाच, ज्यांनी काही विचारलं आहे किंवा जे उत्तराची वाट बघत असतील.

खरी उत्तरं तेराव्यानंतर सुरू करा आणि दीड महिन्याच्या आत संपवा. त्याआधी मन लागत नाही, आणि फार लांबलं तर आपल्यालाच संकोच वाटायला लागून राहून जातं. बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला की, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत महिन्याची मिसा झाली की, असा ज्याच्या त्याच्या रीतीचा टप्पा धरावा. महिन्याच्या मिसेला जे येतात त्यांना तिथेच भेटून बोलता येतं, त्यामुळे लिहिण्याची यादी निम्म्यावर येते.

कुणाला लिहायचं, कुणाला फोन, कुणाकडे जायचं

इथे माझा एक ठोकताळा आहे: समोरचा ज्या वाटेनं आला, त्याच वाटेनं किंवा त्याहून एक पायरी जवळच्या वाटेनं उत्तर द्यायचं. लांबच्या वाटेनं कधीच नाही. मेसेज करणाऱ्याला मेसेज. फोन करणाऱ्याला फोन किंवा त्याच्याएकट्यापुरता लिहिलेला मेसेज. जो गाडीभाडं खर्चून आला त्याला किमान फोन. आणि ज्यानं अंगमेहनत केली, म्हणजे तिरडीचं सामान आणलं, खांदा दिला, डबे पोचवले, पाहुण्यांची झोपायची सोय स्वतःच्या घरी केली, त्याच्या घरी जायचं. थर्मास परत द्यायला मावसबहीण स्वतः खाली गेली. तिथे काही लिहून देण्याची गरजच नव्हती.

गटावर आलेल्या सांत्वनाला गटावरच एक उत्तर. शाळेच्या बॅचचा गट, सोसायटीचा, भजनी मंडळाचा, ऑफिसचा, असे आठ-दहा गट निघतात. पण इथेही मजकूर एकच नको, कारण एकच माणूस तीन गटांत असतो. सोसायटीच्या गटावर सोसायटीनं काय केलं ते लिहा, भजनी मंडळाला त्यांनी म्हटलेल्या अभंगांचं. उदाहरणार्थ कॉलनीच्या गटावर असं गेलं:

‘आई गेल्यापासून पंधरा दिवस आपल्या कॉलनीनं आमचं घर सांभाळलं. पार्किंग मोकळं करून दिलंत, खुर्च्या दिल्यात, आणि मुख्य म्हणजे बाबांना संध्याकाळी एकटं बसू दिलं नाहीत. आम्ही दोघं भावंडं हे विसरणार नाही.’

ज्यांनी गटावर नुसतं चिन्ह टाकलं त्यांना यातच उत्तर मिळालं. पण गटावर कुणी दोन ओळी स्वतःच्या लिहिल्या असतील तर त्यांना बाहेर वेगळं उत्तर द्या.

ब्रॉडकास्ट लिस्टचा मोह टाळा. त्यावरून गेलेला मेसेज समोरच्याला खास त्याच्यासाठी लिहिल्यासारखा दिसतो, आणि नेमका त्यामुळेच घोळ होतो. दोन जावा संध्याकाळी बोलताना एकमेकींना वाचून दाखवतात आणि अक्षर न अक्षर तेच निघतं. शिवाय ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही, आणि वडिलांच्या किंवा आईच्या जुन्या ओळखीच्या माणसांकडे मुलांचा नंबर बहुधा नसतोच. मेसेज पुढे ढकलला, तर त्यावर तो फॉरवर्ड केल्याची खूण येते. सांत्वनाच्या उत्तरावर ती खूण असणं म्हणजे न पाठवलेलं बरं.

तीन-चार वाक्यं, त्याहून जास्त नाही

उत्तर लहान ठेवायचं ते दोघांसाठी. वाचणाऱ्याला लांबलचक मजकुराला परत उत्तर द्यावंसं वाटतं आणि मग ते संपत नाही. आणि लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी आजारपण पहिल्यापासून सांगावं लागलं तर पाचव्या उत्तराला तो उठून जातो. दवाखाना, डॉक्टर, शेवटचे दिवस यांतलं काहीही या उत्तरात नको.

पहिलं वाक्य सरळ त्या माणसानं केलेल्या गोष्टीवर. दुसरं, त्याचा घरात कुणाला काय उपयोग झाला किंवा कसं वाटलं. तिसरं जमलं तर गेलेल्या माणसाबद्दल, पण फक्त समोरच्याशी संबंध असलेलं. मग नाव. ‘आपल्या सांत्वनपर शब्दांनी आम्हाला धीर मिळाला’ हे वाक्य कुणालाही चालतं, म्हणून ते कुणालाच लिहू नये.

रिक्षावाल्या दादांसाठी मावसबहिणीनं पहिल्यांदा लिहिलं ते असं होतं:

‘आपण फोन करून आमच्या दुःखात सहभागी झालात याबद्दल आम्ही कुटुंबीय आपले मनःपूर्वक आभारी आहोत. आपला स्नेह असाच राहो.’

चूक काढण्यासारखं यात काही नाही, आणि तीच अडचण आहे. हे पतसंस्थेलाही गेलं असतं. शिवाय ज्या माणसानं ‘बाई’ म्हणून फोन केला त्याला ‘आम्ही कुटुंबीय’ म्हटल्यावर तो दोन पावलं मागे सरकतो. तिनं वही उघडली, चौथा रकाना बघितला आणि पुन्हा लिहिलं:

‘दादा, आई तुम्हाला घरून हाताला धरून न्यायची हे तुम्ही सांगितलंत, ते आम्हाला माहीतच नव्हतं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, बरोबर, तिला उशीर व्हायचा तो यामुळेच. तुम्ही आठवणीनं फोन केलात, फार बरं वाटलं.’

यात ‘आभार’ हा शब्द नाही. घातला असता तरी बिघडलं नसतं, पण त्याची उणीव भासत नाही. बाबांचं वाक्य मात्र फार मोलाचं आहे, कारण दादांनी दिलेली आठवण घरात पोचली आणि तिला उत्तर आलं, हे त्यातून कळतं. सांत्वन करणाऱ्यानं आठवण सांगितली असेल तर ती घरात कुणाला सांगितली आणि ते काय म्हणाले, एवढं लिहा. बाकी काही सुचलं नाही तरी चालेल.

खालच्या काकूंना घरी जाऊन भेटल्यावरही त्यांच्या मुलीला, जी बेंगळुरूला असते आणि जिनं मेसेज केला होता, असं गेलं: ‘तुझा मेसेज वाचला. तुझ्या आईनं रोज सातला चहा आणून दिला म्हणून आमच्या घरात सकाळ तरी होत होती. तुला हे कळावं म्हणून लिहितेय.’ माणसाचं कौतुक त्याच्या लेकीजवळ केलं की ते जास्त पोचतं, असं मला वाटतं.

न्यू जर्सीच्या मैत्रिणीला व्हॉइस मेसेजच पाठवला. तिनं बोलून सांगितलं होतं, तिला टाइप केलेलं कोरडं वाटलं असतं. बोलून पाठवताना आधी कागदावर दोन मुद्दे लिहून घ्या, नाहीतर आवाज भरून येतो आणि मेसेज पाच मिनिटांचा होतो. आणि तिकडची वेळ बघून पाठवा; पहाटे तीनला या घरून आवाज आला की माणूस घाबरतो.

साहेबांना मावसबहिणीच्या पुण्याच्या भावानं लिहिलं, इंग्रजीतून, तीन ओळी. त्यांनी इंग्रजीतून लिहिलं होतं म्हणून उत्तर इंग्रजीतून. त्यात रजेचा उल्लेख नेमका केला: तुम्ही मी न मागता दोन आठवडे दिलेत, त्यामुळे मला दिवसकार्याला पूर्ण वेळ थांबता आलं. कामाबद्दल एकच वाक्य, कोणत्या तारखेपासून येतो आहे. ऑफिसला लिहिताना दुःखाचं वर्णन कमी आणि व्यवहार स्पष्ट ठेवलेला बरा.

थोरांना पत्र

मिरजेच्या मामांचं वय 80 च्या पुढे, फोनवर ऐकू येत नाही. त्यांना पत्र. वयस्कर माणसांना हातानं लिहिलेलं पत्र पाठवाच, ते दोनदा वाचतात आणि घरी येणाऱ्यालाही वाचायला देतात. माणूस गेल्याची बातमी कळवणाऱ्या पत्रावर जुन्या पिढीत वर ‘श्री’ घालत नसत. आभाराचं पत्र तसं नव्हे, पण सुतक नुकतंच फिटलेलं असताना एखाद्या वयस्कर माणसाला ‘श्री’ खटकू शकतं. शंका असेल तर वर फक्त गाव आणि तारीख घाला. पत्र असं गेलं:

‘ती. मामांस साष्टांग नमस्कार.

दहाव्याला घाटावर सगळे थांबून होते तेव्हा तुम्ही पुढे झालात आणि नातीचं बोललात. आईच्या मनात तेच असणार हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही, तुम्हाला सुचलं. तुम्ही बोललात आणि पान शिवलं गेलं, बाबांना त्याचं फार समाधान आहे. तब्येतीला जपा. दिवाळीच्या आधी भेटायला येतो.

तुमची भाची’

इथे एक बारीक गोष्ट आहे. शिक्षणाचा खर्च मामांनी करावा असं कुणाच्या मनात नव्हतं, आणि ‘तुम्ही नातीच्या शिक्षणाचं बघणार म्हणून आभार’ असं लिहिलं असतं तर तो तगादा झाला असता. घाटावर दिलेल्या शब्दाबद्दल लिहिताना तो शब्द दिल्याबद्दल लिहावं, तो पाळण्याबद्दल नाही.

गेलेल्या माणसाचा उल्लेख कसा करायचा हे आधी घरात ठरवून घ्या. कुणी ‘कै.’ लिहितात, वारकरी घरांत ‘वैकुंठवासी’, लिंगायत घरांत ‘लिंगैक्य’, बौद्ध घरांत ‘कालकथित’. निधनाच्या बातमीत जे छापलं तेच सगळ्या औपचारिक पत्रांत ठेवावं. खासगी उत्तरात मात्र नुसतं ‘आई’, ‘बाबा’ पुरतं. मुलीनं आईबद्दल मामाला लिहिताना ‘कै. मातोश्री’ लिहिलं तर ते पत्र वकिलाकडून आल्यासारखं वाटतं.

संस्थेचा ठराव आला असेल तर

पतसंस्था, शाळा, ग्रंथालय, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्याकडून दुखवट्याचा ठराव येतो. त्याला उत्तर कागदावरच, आणि थोडं औपचारिक, कारण ते पुढच्या सभेत वाचून दाखवलं जातं आणि फाइलला लागतं. अध्यक्ष किंवा सचिव यांच्या नावानं नाही, पदानं लिहा. ठरावाची तारीख घाला. आणि त्या संस्थेशी गेलेल्या माणसाचा जो संबंध होता त्याचं एक वाक्य:

‘मा. सचिव यांस स. न. वि. वि.

आपल्या संचालक मंडळाने आमच्या आईच्या निधनाबद्दल दि. ……… रोजी संमत केलेला दुखवट्याचा ठराव मिळाला. आई पहिल्या वर्षापासून आपली सभासद होती आणि पासबुक भरून घ्यायला ती स्वतःच येत असे. आपल्या कर्मचाऱ्यांनी तिला नेहमी बसायला खुर्ची दिली, हे ती घरी सांगायची. आपल्या सहानुभूतीबद्दल आम्ही आभारी आहोत.’

या पत्रात खात्याची चौकशी, वारसाची नोंद, ठेवीची मुदत असलं काही घालू नका. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळ्या दिवशी.

वर्तमानपत्रातला ऋणनिर्देश द्यायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या गोतावळ्याचा प्रश्न. गेलेला माणूस गावात सर्वांच्या ओळखीचा असेल, अंत्ययात्रेला कोण कोण आलं हे सांगताच येत नसेल, तर तो उपयोगी पडतो. पण त्यात नावांची यादी छापू नका. शंभर नावं घातली तरी एकशेएकावा माणूस शोधतो आणि त्याला आपलं नाव सापडत नाही. छापील कार्डं केलीत तर प्रत्येकावर हातानं एक ओळ लिहायला जागा सोडायला सांगा, आणि ती ओळ खरोखर लिहा.

जिथे हात अडतो

‘बरं झालं, सुटल्या’ असं बोलून गेलेले असतात. ‘आधीच मुंबईला न्यायला हवं होतं’ हेही कुणीतरी बोलतं. वहीच्या चौथ्या रकान्यात हे पण लिहिलेलं असतं, आणि उत्तर लिहायला बसलं की ते पुन्हा डोळ्यांपुढे येतं. इथे बोललेलं सोडायचं आणि केलेलं धरायचं. माणूस आला होता ना? मग येण्याबद्दल लिहा: ‘तुम्ही इचलकरंजीहून उन्हाचे आलात, बाबांजवळ बसलात.’ खोटं काही लिहावं लागत नाही आणि भांडणही होत नाही. ज्या वाक्यानं फारच दुखावलं असेल त्याचं उत्तर भावानं किंवा जावयानं लिहावं, ज्याला लागलं त्यानं नाही.

ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं असे भाऊबंद अंत्यदर्शनाला येतात. त्यांना उत्तर जायलाच हवं, पण जुनं काही उकरून काढू नये आणि ‘आता सगळं विसरून जाऊ’ असंही लिहू नये. ‘तुम्ही आलात. आईला बरं वाटलं असतं.’ एवढीच दोन वाक्यं. पुढचं त्यांच्यावर सोडा.

पैसे दिलेल्यांचं वेगळं. कुणी पाकीट बाबांच्या हातात ठेवतं, कुणी फोनवरून पाठवतं. वहीत रक्कम लिहून ठेवा, पण उत्तरात रकमेचा आकडा नको. पैसे कशाला लागले हे मात्र लिहावं: ‘तुम्ही दिलेल्यातून तेराव्याचं जेवणाचं भागलं’, किंवा ‘आईच्या अंगणवाडीत तिच्या नावानं पाटी-पुस्तकं दिली’. ते उसने होते की दिलेले, हे कळत नसेल तर लिहिण्याआधी फोनवर विचारून घ्या.

आणि ज्यानं तुमचं सांत्वन केलं त्याच्याच घरी वर्षभरात कुणी गेलेलं असेल, तर तुमच्या उत्तरात त्याच्या माणसाचं नाव येऊ द्या. ‘गेल्या श्रावणात तुमच्याकडे काका गेले तेव्हा मी नुसता मेसेज टाकला होता, तुम्ही मात्र घरी आलात.’

वाटून घ्या

सगळी उत्तरं एकानं लिहायची नाहीत. आईच्या माहेरचे लेकीनं, बाबांकडचे बाबांनी किंवा त्यांनी सांगितलेलं नातवानं, ऑफिसचे ज्याचे त्यानं. बाबा लिहायला तयार नसतील तर त्यांना वाचून दाखवा आणि ते जे बोलतील तेच शब्द घाला, खाली त्यांची सही. एका बैठकीत सहा-सात उत्तरांवर जाऊ नका. त्यानंतर हात चालतो, पण वाक्यं सारखी व्हायला लागतात. वहीत लिहिलेल्या नावापुढे बरोबरची खूण आणि तारीख करा, नाहीतर एकाच माणसाला भाऊ आणि बहीण दोघांचं उत्तर जातं आणि दुसऱ्याला कुणाचंच नाही.

सारखेपणा ओळखायची सोपी रीत आहे. त्या दिवशी लिहिलेली सगळी उत्तरं पाठवायच्या आधी वरची नावं झाकून मोठ्यानं वाचा. कुठलं उत्तर कुणाला आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला ओळखता आलं पाहिजे. जे ओळखता येत नाही ते पुन्हा लिहायचं. पुन्हा लिहूनही ओळखता येत नसेल, तर बहुधा त्या माणसाशी आपला तेवढा संबंधच नव्हता. त्याला दोन साधी वाक्यं पुरेत, ओढूनताणून जवळीक दाखवू नका.

वही मिटल्यावरही सांत्वनं येत राहतात. कुणाला उशिरा कळतं, कुणी परदेशातून सुट्टीला आल्यावर घरी येतं. ‘फार उशीर झाला, माफ करा’ असं म्हणत हे लोक अवघडून बोलतात. त्यांना त्याच दिवशी उत्तर द्या आणि उशिराबद्दल काही बोलूच नका. पहिल्या वर्षी घरात सण होत नाही म्हणून दिवाळीत शेजारीपाजारी आणि नातेवाईक फराळाचे डबे आणून देतात. त्यांची नोंद त्याच वहीत मागच्या पानापासून सुरू करा, डबे कुणाचे कोणते तेही लिहा. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, पण त्या वर्षी घरात काही गोडधोड केलेलं नसतं. तेव्हा दोन चमचे साखर घालून द्या, आणि चिवडा कुणी सगळ्यात जास्त खाल्ला ते सांगा.